घाम नावे, वडापाव जमा

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर नाना राहतात. तुमच्याही सोसायटीत असतील, फक्त तिथे त्यांना अप्पा किंवा भाऊ म्हणत असतील. अडतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस. निवृत्त झाल्यावर मोजायला पैसे उरले नाहीत, म्हणून कॅलऱ्या मोजायला लागला.

दर दिवाळी पाडव्याला नाना डोंबिवलीच्या बाजारातून एक लाल कापडी चोपडी आणतात. तिच्या पहिल्या पानावर स्वस्तिक, 'श्री', आणि खाली स्वच्छ अक्षरात 'शरीर खाते'. डाव्या बाजूला जमा, म्हणजे जे पोटात गेलं ते. उजव्या बाजूला नावे, म्हणजे जे खर्ची पडलं ते. वय वाढतं तसा शरीराचा खर्च कमी होतो, त्याला ते 'घसारा' म्हणतात. सणावाराला झालेलं खाणं 'अनामत' खात्यात जातं आणि तिथून ते परत आलेलं मी तरी पाहिलेलं नाही. काकू म्हणतात, "बँकेत असताना घरचा हिशेब कधी ठेवला नाही. आता भाकरीचा चतकोर उरला तरी त्याचं व्हाउचर मागतात."

मी व्यवसायाने आहारतज्ज्ञ. सकाळी लोकल पकडून ठाण्याला जाते, दुपारपर्यंत लोकांच्या पोळ्या मोजते आणि परत येते. त्यामुळे नानांच्या दृष्टीने मी त्यांच्या घरापासून दोन मजले खाली राहणारी फुकटची ऑडिटर आहे. काम असलं की हाक येते, "बाळ, जरा रुजवात घालायची होती." मी त्यांची नोंद खोडली की लगेच "मॅडम" होते.

नानांचा पाया चांगला आहे, हे कबूल करायला हवं. वय ६६, वजन ६८ किलो, उंची पाच फूट पाच. पुस्तकातलं सूत्र लावलं तर नुसतं पडून राहायला दिवसाला १,३९०च्या आसपास कॅलरी लागतात. पण ही बहुतेक सूत्रं गोऱ्या लोकांवर मोजून बसवलेली. आपल्याकडच्या माणसांना ती साधारण पाच-दहा टक्के जास्तच दाखवतात, म्हणून आम्ही दोघांनी मिळून १,३०० धरले. घरातलं चालणं-बोलणं, जिने, बाजार आणि सकाळची फेरी मिळून त्याची दीडपट, म्हणजे १,९५०. हा आकडा नानांनी चोपडीच्या पुठ्ठ्यावर लाल शाईत लिहिला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या तक्त्यात बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला २,११० दिले आहेत. नाना त्याहून म्हातारे, तेव्हा १,९५० अगदी सुखाने पटतं.

इथवर ठीक होतं. भानगड सुरू झाली मे महिन्यात.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला (उशीर झाला, कारण पेपरवाल्याशी दहा रुपयांचा वाद) नाना फडके रोडवरून गणपतीच्या देवळापर्यंत आणि तिथून लांबच्या वळशाने तासभर चालून आले. मेमधली डोंबिवली म्हणजे काय, ते सांगायला नको. खाडीवरून वारा येतो म्हणतात, पण तो बहुधा ठाण्यालाच उतरतो. पारा पस्तिशीला आणि हवा अशी की टॉवेल दोरीवर टाकावा तर जास्तच ओला होऊन परत मिळावा. नानांनी जायच्या आधी आणि आल्यावर वजन केलं. काटा गॅलरीतल्या एका ठरलेल्या फरशीवरच ठेवायचा असतो, इतर फरश्यांना उतार आहे. सातशे ग्रॅम कमी!

नानांनी कुठेतरी वाचलं होतं की एक लिटर घाम वाळायला ५८० कॅलरी उष्णता लागते. आकडा बरोबर आहे. सात दशांश लिटर गुणिले ५८०, बरोबर ४०६. नानांनी उजव्या बाजूला लिहिलं : 'घाम, ४०६'. वर चालण्याचे २३० वेगळे. मग डाव्या बाजूला एवढी जागा रिकामी दिसल्यावर कोणाही सज्जन माणसाला जे सुचेल तेच त्यांना सुचलं. कोपऱ्यावर जाऊन एक वडापाव खाल्ला. तीनशे. तरीही शंभरावर शिल्लक.

"बाळ, उन्हाळा हा वजन उतरवायचा सीझन आहे, बरं का," रुजवातीला चोपडी पुढे सरकवत ते म्हणाले. "लोक उगाच एसी लावतात."

मी ४०६वर काट मारली. मॅडम झाले.

नानांना पटवायचं तर बँकेच्याच भाषेत. म्हटलं, नाना, चालताना तुमच्या स्नायूंनी जी कॅलरी खर्च केली, तिच्यातला पाचवा-चौथा हिस्सा कामी येतो आणि बाकी सगळी उष्णता होते. ती उष्णता अंगात साठू नये म्हणून शरीर घाम गाळतं आणि घाम वाळताना ती बाहेर घेऊन जातो. म्हणजे घाम हा खर्च नाही. खर्च झालेल्या पैशांची थैली दाराबाहेर ठेवणारा तो शिपाई आहे. तुम्ही चालण्याचे २३० नावे टाकले, आणि शिपायाने तीच थैली उचलली म्हणून पुन्हा ४०६.

नाना गप्प झाले. एकच रक्कम दोनदा नावे टाकणं हा त्यांच्या धर्मात गुन्हा. पण लगेच बँकर जागा झाला. "मग थैली २३०ची आणि शिपायाने ४०६ कसे उचलले?"

प्रश्न फार चांगला होता. माझ्याकडे पैसे देऊन येणारे लोक असे प्रश्न विचारत नाहीत. दोन कारणं. एक, उन्हाने तापलेला रस्ता, भिंती, बसचे पत्रे यांची उष्णताही अंगावर येते आणि तीही बाहेर काढावी लागते. ती काही नानांनी खाल्लेल्या पोळीतून आलेली नसते. दुसरं कारण जास्त डोंबिवलीचं. ५८० कॅलरी घेऊन जातो तो वाळलेला घाम. आपल्या दमट हवेत निम्मा घाम वाळतच नाही, नाकाच्या शेंड्यावरून टपकतो, बनियनमध्ये मुरतो. टपकलेला थेंब जवळजवळ काही घेऊन जात नाही, नुसतं पाणी आणि मीठ जातं. म्हणून तर आपल्याकडे इतका घाम येऊनही गार वाटत नाही. आणि सातशे ग्रॅमचं म्हणाल, तर ते पाणी होतं. दोन तांबे पाणी आणि एक ग्लास कोकम सरबत पोटात गेलं की काटा जागेवर येतो. नानांनी ते लगेच करून पाहिलं. आला.

"पण उन्हाचं काहीतरी असेलच ना," नाना हळूच म्हणाले. रक्कम पूर्ण बुडाली हे बँकवाल्याला सहन होत नाही. काहीतरी वसुली हवी.

काहीतरी आहे. उष्ण हवेत हृदयाला रक्त कातडीकडे पाठवावं लागतं, घामाच्या ग्रंथी काम करतात, अंग थोडं तापतं आणि तापलेलं अंग जरा जास्त इंधन जाळतं. अमेरिकन लष्करासाठी कन्सोलाझिओ नावाच्या शास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात कडक उन्हात काम करणाऱ्या सैनिकांवर हे मोजलं. त्यातून एक ढोबळ नियम निघाला : तीस अंशांच्या वर चाळिशीपर्यंत दर अंशाला अर्धा टक्का वाढवा. पस्तीस अंशांना अडीच टक्के. नानांच्या तासाभराच्या २३० कॅलऱ्यांवर अडीच टक्के म्हणजे सहा कॅलरी.

"सहा," नाना म्हणाले.

"एका मारी बिस्किटात पंचवीस असतात," मी म्हटलं. म्हणजे पाव बिस्कीट.

नानांनी उजव्या बाजूला '६' लिहिलं. इतका मोठा माणूस इतका छोटा आकडा लिहिताना पाहून मला वाईट वाटलं. म्हणून मी चूक केली आणि त्यांना पुढची गोष्ट सांगितली.

१९५७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या समितीने नेमकं उलट सांगितलं होतं. वर्षाचं सरासरी तापमान दहा अंश असलेला प्रदेश प्रमाण धरायचा आणि त्यापेक्षा दर दहा अंश गरम असलेल्या प्रदेशाला पाच टक्के कमी कॅलरी धरायच्या. दर दहा अंश थंडीला तीन टक्के जास्त. आपल्या ठाणे जिल्ह्याची सरासरी सत्तावीसच्या आसपास, म्हणजे सतरा अंश जास्त, म्हणजे साडेआठ टक्के कपात. १,९५०मधून १६५ वजा.

"एक भाकरी?" नाना उभेच राहिले. "रोमला बसून आमची एक भाकरी कापतात?"

काकू आतून म्हणाल्या, "कापा म्हणावं."

खरं तर दोन्ही नियम आपापल्या जागी खोटे नव्हते. सैनिकाला हुकूम असतो : खड्डा इतका खणायचा, ऊन असो की नसो. काम तेवढंच राहिलं, तर उन्हात खर्च थोडा वाढतो. पण समिती आख्ख्या देशांचा हिशेब करत होती आणि जिथे उकडतं तिथे माणसं सावलीत बसतात, कपडे कमी घालतात, हळू चालतात. मात्र किती हळू, ते ज्याच्या त्याच्या कामावर असतं, त्याला तापमानाचं एकच कोष्टक बसत नाही. म्हणून १९७३च्या समितीने हवामानाची ही दुरुस्ती काढूनच टाकली. नानांची भाकरी वाचली.

आणि नानांच्या बाबतीत मे महिन्यात खरं काय घडतं, ते त्यांच्याच चोपडीत होतं. मी मागची पानं उलटली. जानेवारीत फेरी रोज एक तास. एप्रिलमध्ये पाऊण. मेमध्ये आठवड्यातून चार दिवस, तीही अर्धा तास. 'लिफ्ट बंद, जिने चढलो' अशा नोंदी हिवाळ्यात नऊ, उन्हाळ्यात एक, आणि त्या एकीपुढे कंसात 'नाइलाज'. दुपारी दोन ते पाच पंख्याखाली झोप. उन्हाचे सहा वाढले होते आणि चालण्याचे शंभरच्या वर कमी झाले होते. उन्हाळ्यात नानांना वडापाव नव्हे, उलट थोडी कपातच बसत होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. काकूंना सांगितलं.

पावसाळा बरा गेला. मग आमच्याकडे जिला थंडी म्हणतात ती आली. डोंबिवलीत पारा सतराला आला की नाना माकडटोपी, अर्धा स्वेटर, वर पूर्ण स्वेटर आणि पायात मोजे घालून गॅलरीत उभे राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात, "काय, झोंबतंय का?" डिंकाचे लाडू होतात. नानांचा सिद्धांत असा : थंडीत शरीर स्वतःला गरम ठेवायला जास्त जाळतं, म्हणून लाडवांना स्वतंत्र हेड आहे, 'हवामान भत्ता'.

शरीर थंडीत जास्त जाळतं हे खरंच आहे. जोरात कुडकुडायला लागलं तर विश्रांतीच्या चार-पाच पट खर्च होऊ शकतो. पण त्यासाठी कुडकुडावं लागतं. मी नानांना विचारलं, "शेवटचे दात कधी वाजले होते?" त्यांनी विचार केला. म्हणाले, कवळी बसवायच्या आधी.

कुडकुडण्याच्या अलीकडे, नुसता गारवा लागत असताना, शरीर थोडं जास्त जाळतं. पण तेही अंगाला गारवा लागू दिला तर. दोन स्वेटरांच्या आत नानांच्या कातडीला डोंबिवलीतला डिसेंबर ठाऊकच नाही. तिथे ऑक्टोबर चालू असतो. माणूस असा प्राणी आहे की तो थंडी अंगातून नाही, कपाटातून भागवतो. म्हणून नेहमीचे कपडे घालून घरात राहणाऱ्याला थंडीची दुरुस्ती शून्य. बाहेर जाड कोट, बूट, थरावर थर घालून दिवसभर हिंडणाऱ्याला त्या कपड्यांच्या ओझ्यापायी दोन ते पाच टक्के. म्हणजे थंडीपेक्षा कोट जास्त खातो.

"मग भूक का जास्त लागते?" नाना म्हणाले.

"लाडू केलेत म्हणून," काकू.

यावर माझ्याकडे काही भर घालण्यासारखं नव्हतं. त्याच आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या एका उत्साही गृहस्थांनी नानांना सांगितलं की फ्रीजचं पाणी प्या, ते तापवायला कॅलरी जातात. नाना चोपडी घेऊन धावत आले. अर्धा लिटर पाणी, दहा अंशांवरून सदतिसावर : साडेतेरा कॅलरी. अर्धं मारी बिस्कीट. तीन दिवसांनी नानांचा घसा बसला आणि हळदीच्या दुधाची नोंद झाली, एकशेवीस.

पुढच्या जूनमध्ये नाना-काकू ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर लडाखला निघाले. आठ दिवस. निघायच्या आधी नाना माझ्याकडे येऊन बसले. चेहरा असा, जणू परदेशी शाखेत बदली झाली आहे.

"उंचीचं काय? उंचीला दर किती?"

उंचीचा मामला मात्र खरा आहे, आणि हे सांगताना मला बरं वाटलं, कारण वर्षभर मी या माणसाची प्रत्येक रक्कम नामंजूर करत आले होते. लेह साडेतीन हजार मीटरवर. तिथे हवेचा दाब खालच्या दोन-तृतीयांश, तेवढाच ऑक्सिजनचा वाटा. शरीर घाबरतं, श्वास आणि नाडी वाढवतं, ॲड्रेनलिनसारखी रसायनं रक्तात सोडतं. त्यामुळे नुसतं पडून राहायचाही खर्च वाढतो. अमेरिकेत कोलोराडोत पाइक्स पीक नावाचं शिखर आहे, ४,३०० मीटरचं, म्हणजे जवळपास आपल्या पँगाँग तलावाच्या काठाइतकं. तिथे तरुण पुरुषांना नेऊन बटरफिल्ड आणि सहकाऱ्यांनी मोजमाप केलं, ते १९९२ साली छापून आलं. दुसऱ्या दिवशी पडून राहण्याचा खर्च २७ टक्क्यांनी वाढलेला, आणि दहाव्या दिवसापर्यंत उतरून १७ टक्क्यांवर थांबलेला. लेह त्याहून आठशे मीटर खाली, माणूस म्हातारा. मी दहा टक्के धरले. तो माझा अंदाज, शास्त्राचा नव्हे, आणि तसं मी त्यांना चोपडीत लिहूनही दिलं. त्यांनी खाली माझी सही घेतली.

"दहा टक्के! एकशेतीस!" नाना हरखले.

"नाना, तो वाढणार फक्त पडून राहण्याच्या १,३००वर. चालण्या-फिरण्याचा आकडा मोकळा सोडा. पहिले दोन दिवस तुम्हाला हॉटेलात नुसतं बसवून ठेवणार आहेत, आणि बसायचंच. विमानाने एकदम चढलात तर तेच पथ्य." मग हिशेब असा : १,३०० अधिक दहा टक्के १,४३०. त्याला आता दीडपट नाही, जेमतेम १.३ पट. १,८६०. घरच्या १,९५०पेक्षा कमीच.

नानांनी चोपडी मिटली. "तू माझ्या बँकेत असतीस," ते म्हणाले, "तर एक कर्ज मंजूर झालं नसतं."

लेहहून रोज रात्री काकूंच्या फोनवरून नानांचे संदेश यायचे. पहिल्या दिवशी : घड्याळ २,९०० दाखवतंय. (हे मुलीने वाढदिवसाला दिलेलं मनगटी घड्याळ. नाडी मोजतं आणि त्यावरून कॅलरी सांगतं.) दुसऱ्या दिवशी : पलंगावरून हललो नाही, घड्याळ २,७००. मला माहीत होतं काय चाललंय. अशी घड्याळं नाडी वाढली की समजतात, माणूस धावतोय. उंचीवर नाडी बसल्या जागीच वाढलेली असते. खाली बहात्तर ठोके असलेल्या माणसाचे तिथे नव्वदही होतात. तेवढ्याच पायऱ्या चढायला तितकंच काम लागतं, ऑक्सिजनही जवळपास तितकाच लागतो, फक्त तो गोळा करायला हृदयाची धावपळ जास्त. घड्याळ धावपळ मोजतं, काम मोजत नाही. मेमध्ये फडके रोडवरही हेच होतं, उन्हाने नाडी चढते आणि घड्याळ उदार होतं. खात्री करायची तर सोपं आहे. स्वस्थ बसून, काही न करता तासभर ते किती कॅलरी सांगतं ते पाहायचं. नानांच्या वजनाच्या माणसाला बसून तासाला साठ-सत्तरच्या वर जात नाहीत. नानांच्या घड्याळाने एकशेदहा सांगितले.

तिसऱ्या दिवशी शांतिस्तूपाच्या पायऱ्या. नानांनी निम्म्यावर बैठक मारली. हेही ठरलेलंच. दीड हजार मीटरच्या वर दर हजार मीटरला माणसाची जास्तीत जास्त झेप साधारण दहा टक्क्यांनी कमी होते. म्हणून पायऱ्या तेवढ्याच असल्या तरी माणूस त्या हळू चढतो, मध्ये बसतो आणि दिवसाच्या शेवटी कमीच काम करून येतो. उंची पडल्यापडल्याचा दर वाढवते आणि कामाचा धंदा बसवते. तिथे महिनोन् महिने ओझी वाहणाऱ्या जवानाला याचा खरा फटका बसतो, कारण त्याला बैठक मारायची मुभा नाही.

पँगाँगला एक रात्र. तिथे मी २७ टक्केच मंजूर केले होते, दिवसभर गाडीत बसून का होईना. १,६५०, गुणिले १.३५, २,२३०च्या आसपास. घरच्यापेक्षा पावणेतीनशे जास्त. म्हणजे सगळ्या लडाखात एका रात्रीपुरता एक वडापाव. तो नेमका खाता आला नाही. उंचीने भूक मेली होती. डोकं ठणकत होतं. 'अर्धी वाटी मॅगी, तीही हिने भरवली', अशी नोंद आहे, अक्षर वाकडं.

परत आल्यावर नानांनी गॅलरीतल्या त्याच फरशीवर काटा ठेवला. ६६.२. सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर फोटो. पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांनी अंगठा दाखवला.

मी चोपडी मागवली. एक किलो चरबी उतरायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. एक पूर्णांक आठ किलोला जवळजवळ चौदा हजार. आठ दिवसांत, म्हणजे दिवसाला सतराशेवर. रोज १,९०० खर्च धरला तर नानांनी रोज दोनशे खाल्ले असते, तरच हे जमलं असतं. आणि लेहच्या पानावर पहिल्याच दिवशी जर्दाळूचा मुरांबा, पराठे तीन आणि 'थुक्पा, पुन्हा थुक्पा' होता. उंचीवर पहिल्या दिवसांत शरीर पाणी टाकतं, कोरड्या हवेत श्वासाबरोबरही पाणी जातं, जेवण कमी झालं की साठवणीची साखर आणि तिच्याबरोबर धरलेलं पाणी जातं. थोडी चरबी गेली असेल, नाही म्हणत नाही. नानांना एवढंच म्हटलं, आठ दिवस थांबा. आठव्या दिवशी काटा ६७.७ होता. फोटो टाकला नाही.

ऑगस्टमध्ये नाना आजारी पडले. पावसाळी ताप, १०२. डॉक्टरांनी रक्त तपासलं, औषध दिलं, दोन दिवसांत उतरेल म्हणाले. मी संध्याकाळी वर गेले तर नाना भिंतीकडे तोंड करून झोपलेले आणि चोपडी काकूंच्या मांडीवर. त्या दिवसाच्या पानावर काकूंचं अक्षर. डावीकडे : 'पेज अर्धी वाटी. मोसंबी एक.' उजवीकडे : 'दिवसभर कुरकुर.'

"आता काय लिहू गं याच्यापुढे? कुरकुरीला किती?"

मी काकूंच्या बाजूला बसले. बाहेरच्या गरमीने फारसं काही होत नाही, पण आतली गरमी मात्र खरीखुरी खाते. अंगाचं तापमान एक अंश सेल्सियसने वाढलं की पडून राहण्याचा खर्च सुमारे तेरा टक्क्यांनी वाढतो. १०२ म्हणजे नेहमीपेक्षा जवळपास दोन अंश. पंचवीस टक्के. १,३००वर सव्वातीनशे.

नानांनी मान वळवली. आवाज खोल गेलेला. "पंचवीस टक्के म्हणालीस?"

"हो. १,६२५."

"मग आज तरी..." त्यांचे डोळे थोडे उजळले. डिंकाच्या लाडवाचा ऋतू नव्हता, पण माणूस आशा सोडत नाही.

"नाना, तुम्ही पलंगावरून उठलेला नाही. पडून राहिलेल्या माणसाला दीडपट नाही धरत. १.२ पट."

काकूंनी कागदावर गुणाकार केला. मग पुन्हा केला. मग कागद मला दाखवला.

१,९५०.

"बघू," नाना म्हणाले. काकूंनी कागद त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. चष्मा नव्हता, पण आकडा ओळखीचा होता. नानांनी हात पांघरुणातून बाहेर काढला, लाल पेन मागितलं आणि थरथरत्या अक्षरात पानाच्या तळाशी, पेजेच्या अर्ध्या वाटीकडे पूर्ण दुर्लक्ष करून, लिहिलं : 'ताळा जुळला.'